स्मार्टवॉचमधला दिवसभराच्या हृदयगतीचा आलेख कसा वाचायचा: एका स्क्रीनशॉटची उकल

घड्याळाच्या ॲपमध्ये दिवसभराच्या ठोक्यांचा आलेख उघडला की बहुतेकांची नजर आधी सगळ्यात उंच टोकावर जाते. तिथला आकडा मोठा दिसला की काळजी लागते. मग तो स्क्रीनशॉट कुणाला तरी पाठवून विचारलं जातं, ‘हे बरोबर आहे ना?’ या आलेखात सगळ्यात कमी भरवशाची जागा मात्र नेमकी तीच असते. खरी माहिती असते ती रेषेच्या तळाशी आणि व्यायाम थांबल्यावर होणाऱ्या उतारात. हे कसं, ते पाहण्यासाठी एकच स्क्रीनशॉट घेऊ आणि तो डावीकडून उजवीकडे वाचत जाऊ.

उदाहरणातली व्यक्ती ४२ वर्षांची, नियमित पळणारी बाई आहे आणि तिला कुठलंही औषध चालू नाही. स्क्रीनशॉट मध्यरात्री १२ पासून पुढच्या मध्यरात्रीपर्यंतचा आहे. वर मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांचे तीन आकडे आहेत: किमान ५४, कमाल १७४ आणि रेस्टिंग रेट, म्हणजे विश्रांतीतला वेग, ६१. खाली रेष आहे. ती रात्री खोलगट आणि दिवसा खडबडीत आहे, आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास तिचा एकदम सुळका झाला आहे.

आधी चौकट, मग रेष

रेषेकडे वळण्याआधी उभा अक्ष पाहा. बरीच ॲप्स हा अक्ष शून्यापासून सुरू करत नाहीत. त्या दिवशीची किमान आणि कमाल नोंद बसेल एवढाच पट्टा ती दाखवतात. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी ६० ते ९० मधली साधी हालचालही डोंगररांगेसारखी दिसते, आणि पळालेल्या दिवशी तीच हालचाल जवळपास सपाट वाटते. दोन दिवसांचे स्क्रीनशॉट शेजारी ठेवून ‘आज जास्त वरखाली झालंय’ असं म्हणण्याआधी दोन्हींचे अक्ष सारखे आहेत का, ते तपासा.

त्यानंतर आलेख कोणत्या प्रकारचा आहे ते बघा. काही ॲप्स सलग रेष काढतात. काही ॲप्स प्रत्येक तासाला एक उभी पट्टी देतात. तिचं खालचं टोक म्हणजे त्या तासातला किमान वेग आणि वरचं टोक म्हणजे कमाल. अशी पट्टी ६२ पासून १३० पर्यंत गेलेली दिसली, तर त्याचा अर्थ तासभर ठोके १३० होते असा होत नाही. जिना चढताना एकदा नोंद झाली असेल, तरी पट्टी तेवढीच उंच दिसते. सलग रेषेत याच्या उलट होतं. दिवसाची १,४४० मिनिटं फोनच्या अरुंद पडद्यावर बसवायची, म्हणून अनेक ॲप्स काही मिनिटांची सरासरी काढून एकच बिंदू ठेवतात आणि मिनिटभराचा खरा सुळका त्यात विरून जातो. म्हणूनच वरची कमाल १७४ लिहिलेली असली, तरी रेष १६५ च्या आसपासच थांबलेली दिसू शकते. यात चूक काही नाही, दोन्हींची मोजायची रीत वेगळी आहे.

एक गोष्ट आणखी ध्यानात ठेवा. अनेक घड्याळं दिवसभर सतत मोजत नाहीत. एरवी ती थोड्या थोड्या वेळाने नोंद घेतात आणि व्यायाम सुरू केल्याची खूण मिळाली की जवळजवळ सलग मोजू लागतात. त्यामुळे व्यायामाचा भाग आलेखात दाट दिसतो आणि बाकीचा विरळ.

दिवसाच्या खुणा करा

आता स्क्रीनशॉटवर बोटाने किंवा फोनच्या खूण करायच्या साधनाने दिवसाचे टप्पे मांडा: झोपेची वेळ, उठण्याची वेळ, चाललेले मोठे टप्पे, व्यायाम आणि घड्याळ काढून ठेवलेला वेळ. आठवणीवर विसंबू नका. त्याच ॲपमधला पावलांचा आलेख उघडा आणि वेळ जुळवून पाहा. माझ्या मते या सगळ्या वाचनातली ही सर्वात उपयोगी पायरी आहे, कारण पावलांशिवाय ठोक्यांचा अर्थ लावणं म्हणजे निम्मा अंदाजच असतो.

आपल्या उदाहरणात दुपारी २:४० ते ३:२५ पर्यंत रेष अगदी सरळ आहे, ७१ पासून ७३ पर्यंत, कुठेही थरथर नाही. जिवंत माणसाचे ठोके इतके सरळ चालत नाहीत. त्या वेळात पावलंही शून्य आहेत. घड्याळ चार्जिंगला होतं आणि ॲपने आधीचा बिंदू नंतरच्या बिंदूला जोडून टाकला. काही ॲप्स अशी जागा रिकामी सोडतात आणि तेच प्रामाणिक वाटतं. तुमच्या आलेखात कुठे आखीव सरळ रेघ दिसली, तर तिचा अर्थ लावत बसू नका, तो भाग खोडून पुढे चला.

तळ: रात्र आणि रेस्टिंग रेट

रात्रीचा भाग पाहू. मध्यरात्री ठोके ६६ च्या आसपास आहेत. तिथून रेष हळूहळू उतरत पहाटे साडेचारच्या सुमारास ५४ वर येते आणि उठण्याआधी थोडी वर सरकते. मधूनमधून छोटे उंचवटे आहेत. कूस बदलताना, मध्येच जाग येताना आणि स्वप्नांच्या झोपेत ठोके थोडे वाढतात, त्यामुळे ते अपेक्षितच आहेत. रात्रभर उतरत जाऊन पहाटेकडे तळ गाठणं हा चांगल्या विश्रांतीच्या रात्रीचा नेहमीचा आकार. रात्री उशिरा भरपेट जेवण, मद्य, झोपायच्या थोडंच आधी केलेला जोरदार व्यायाम किंवा ताप असेल, तर सुरुवातीचे काही तास रेष वरच रेंगाळते. तळ उशिरा येतो, कधी नेहमीइतका खोल जातच नाही. म्हणून आकड्याइतकंच तळ कधी आला याकडेही लक्ष द्या.

आता सगळ्यांना पडणारा प्रश्न. किमान ५४ आहे, मग रेस्टिंग रेट ६१ कसा? याचं कारण असं की रेस्टिंग रेट म्हणजे दिवसातला सगळ्यात खालचा आकडा नव्हे. वैद्यकीय अर्थाने तो जागेपणी, शांत बसलेल्या किंवा पडलेल्या अवस्थेतला वेग असतो. घड्याळं तो आपापल्या पद्धतीने काढतात. ॲपल वॉच दिवसभरातल्या नोंदी हालचालीच्या सेन्सरशी ताडून तुम्ही स्वस्थ असतानाच्या नोंदी वापरतं. गार्मिन २४ तासांतल्या सर्वात कमी अर्ध्या तासाच्या सरासरीवर जातं. फिटबिट जागेपणीची आणि झोपेतली दोन्ही माहिती हिशेबात घेतं. त्यामुळे एकाच माणसाच्या दोन मनगटांवर दोन वेगळ्या कंपन्यांची घड्याळं बांधली, तर रेस्टिंग रेट वेगळा येईल आणि दोन्ही आपल्या जागी बरोबर असतील. मैत्रिणीच्या आकड्याशी तुलना करण्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही. घड्याळाची कंपनी बदलल्यावर जुन्या महिन्यांशीही सरळ तुलना करू नका.

प्रौढांसाठी विश्रांतीतला ६० ते १०० हा वेग साधारण मानला जातो. नियमित दमाचा व्यायाम करणाऱ्यांचा तो ५० च्या किंवा ४० च्या घरातही असतो, आणि त्यांना काही त्रास होत नसेल तर ते चिंतेचं लक्षण नाही. पण इतका रुंद पट्टा रोजच्या वाचनात फार कामाचा नाही. कामाचा असतो तुमचा स्वतःचा नेहमीचा आकडा. गेल्या दोन-तीन आठवड्यांचे रेस्टिंग रेट उघडा आणि ते साधारण कुठे फिरतात ते पाहा. आपल्या उदाहरणातल्या बाईचे ५९ ते ६३ मध्ये फिरत असतील, तर आजचा ६१ अगदी नेहमीचा. हाच आकडा एखाद्या दिवशी ६९ आला आणि तीन-चार दिवस तिथेच राहिला, तर तो ‘साधारण’ पट्ट्यात असूनही तिच्यासाठी बदल आहे. ताप येऊ घातला असेल, झोप अपुरी असेल, शरीरात पाणी कमी असेल किंवा व्यायामाचा ताण भरून निघालेला नसेल. मासिक पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात हा वेग दोन-चार ठोक्यांनी वाढणंही नेहमीचं आहे, आणि गरोदरपणात तो वाढतोच. बीटा ब्लॉकर गटातली औषधं घेणाऱ्यांचा रेस्टिंग रेटही खाली येतो आणि व्यायामातलं टोकही. त्यांनी पुढे येणारी वयाची सूत्रं स्वतःला लावू नयेत.

दिवसातले छोटे उंचवटे

सकाळी ६:०५ ला रेष ५८ वरून ७६ वर उडी मारते. झोपेतून उठून उभं राहिल्यावर रक्त पायांकडे ओढलं जातं आणि मेंदूकडचा पुरवठा राखायला हृदय वेग वाढवतं. उभं राहताना १० ते २० ठोके वाढणं नेहमीचं असतं. दुपारच्या जेवणानंतर तासभर रेष ७० वरून ७८ च्या आसपास जाते, तेही पचनाचं काम आहे. यावर थांबायची गरज नाही.

थांबायला हवं ते सकाळी साडेदहापाशी. तिथे रेष ११२ पर्यंत चढते आणि जवळपास अर्धा तास शंभरच्या वर राहते. पावलांचा आलेख त्या वेळी रिकामा आहे. बसल्या जागी ११२ कसे? या बाईला आठवतं, तेव्हा ती बैठकीत सगळ्यांसमोर काम मांडत होती. बोलणं, ताण, त्याआधी घेतलेली कॉफी, एवढं पुरेसं असतं. हा उंचवटा कसा चढतो आणि कसा उतरतो तेही पाहा. ताणाचा उंचवटा हळूहळू चढतो आणि प्रसंग संपल्यावर हळूहळू उतरतो. याउलट काही कारण नसताना, शांत बसलेलं असताना रेष एकदम ७० वरून १६० वर गेली, बराच वेळ तिथेच राहिली आणि तशीच एकदम खाली आली, आणि त्या वेळी छातीत धडधड जाणवली असेल, तर ती नोंद वेळेसह जपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. अशी अचानक सुरू होऊन अचानक थांबणारी धडधड हृदयाच्या विद्युत मार्गातल्या बिघाडामुळेही होते. त्यावर उपचार आहेत.

व्यायामाचा सुळका आणि खोटं टोक

संध्याकाळी ६:३० ते ७:१० या चाळीस मिनिटांच्या पळण्याकडे येऊ. दिवसाच्या आलेखात हा भाग बोटभरही रुंद नसतो, त्यामुळे इथे त्याच व्यायामाची स्वतंत्र नोंद उघडा. त्यात मिनिटामिनिटाची रेष असते आणि जमिनीवर पडणाऱ्या पावलांची दर मिनिटाची गतीही असते.

ती उघडल्यावर चित्र असं दिसतं. पहिली दोन मिनिटं ११० च्या आसपास. तिसऱ्या मिनिटाला रेष एकदम १७२ ते १७४ वर जाते आणि तिथे चार मिनिटं चिकटून बसते. मग ती पुन्हा एकदम १३८ वर येते. तिथून बत्तीस मिनिटांत हळूहळू १५२ पर्यंत चढते, आणि शेवटच्या दोन मिनिटांत ती जोरात पळाल्यामुळे १६९ वर जाते.

म्हणजे दिवसाची कमाल म्हणून लिहिलेला १७४ चा आकडा जोरात पळतानाचा नसून सुरुवातीला सावकाश पळतानाचा आहे. तिथे तिच्या पावलांची गती मिनिटाला १७२ ते १७४ होती. कोडं इथेच सुटतं. घड्याळ हिरवा प्रकाश त्वचेत सोडतं, रक्त तो शोषून घेतं आणि प्रत्येक ठोक्यासरशी परत येणाऱ्या प्रकाशात किंचित फरक पडतो. त्या फरकांवरून ठोके मोजले जातात. पण हात हलताना घड्याळ त्वचेवर घासतं आणि तोही फरक तालात पडतो. पट्टा सैल असेल, मनगट थंड असेल किंवा सुरुवातीला त्वचेतला रक्तप्रवाह अजून वाढलेला नसेल, तर घड्याळ ठोक्यांच्या तालाऐवजी पावलांचा ताल पकडून बसतं. ओळखायच्या खुणा तीन: आकडा पावलांच्या गतीशी जुळतो, रेष विचित्रपणे सपाट असते, आणि तिथे जाताना व तिथून उतरताना ती उडी मारते. चौथी खूण तुमच्याकडेच असते. त्या वेळी तुम्ही सहज बोलू शकत होता का? १७४ ठोक्यांवर ही बाई पूर्ण वाक्य बोलू शकली नसती.

वयाच्या सूत्राने ताळा करून पाहू. प्रसिद्ध सूत्र २२० वजा वय, म्हणजे १७८. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेलं दुसरं सूत्र २०८ वजा ०.७ गुणिले वय, म्हणजे सुमारे १७९. दोन्ही लोकसमूहाची सरासरी सांगतात. एखाद्या माणसाची खरी कमाल त्याहून १० ठोके वर किंवा खाली असणं सहज शक्य आहे. त्यामुळे सूत्रापेक्षा पाच ठोके जास्त गेले म्हणून घाबरू नका. पण सावकाश पळताना कमालीच्या इतक्या जवळचा आकडा आला, तर आधी मोजणीवर शंका घ्या.

हा दोष टाळायचा तर व्यायामापुरता पट्टा एक घर घट्ट करा आणि घड्याळ मनगटाच्या हाडाच्या थोडं वर, कोपराच्या बाजूला सरकवा. गोंदणावर घड्याळ बांधलं असेल तर हात बदला, कारण गडद शाई प्रकाश अडवते. वजनं उचलताना मूठ आवळली की मनगटातला रक्तप्रवाह बदलतो, म्हणून त्या व्यायामात घड्याळाचे आकडे एरवीपेक्षा जास्त चुकतात. नेमके आकडे हवेच असतील, तर हृदयाचे विद्युत संकेत मोजणारा छातीचा पट्टा वापरा. शंका आली की थांबून नाडी मोजणं सगळ्यात सोपं: दोन बोटं अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर ठेवा, १५ सेकंद मोजा, चारने गुणा. ठोके लगेच उतरू लागतात, त्यामुळे व्यायामानंतर याहून जास्त वेळ मोजू नका. विश्रांतीत मात्र ३० सेकंद मोजून दुप्पट करणं चांगलं.

खोटं टोक वगळल्यावर उरलेला भाग बोलका आहे. वेग तोच असताना १३८ वरून १५२ पर्यंतची सावकाश चढण खरी आहे. शरीर तापतं, घामाने पाणी जातं, प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारं रक्त थोडं कमी होतं आणि हृदय ठोके वाढवून ते भरून काढतं. उकाड्यात ही चढण जास्त तीव्र दिसते. त्याच वेगाच्या, त्याच अंतराच्या दोन पळण्यांमध्ये ही चढण कमी झालेली दिसली, तर दम वाढल्याची ती कुठल्याही टोकापेक्षा चांगली खूण आहे.

उतार

आता ७:१० नंतरची दोन मिनिटं. थांबताना १६८, एका मिनिटाने १३९, दुसऱ्या मिनिटाला १२२. पहिल्या मिनिटात २९ ठोके उतरले. व्यायाम थांबताच शरीराचा ‘शांत हो’ सांगणारा मज्जासंस्थेचा भाग किती लवकर सूत्रं हातात घेतो, ते या उतारात दिसतं. १९९९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या मिनिटात १२ किंवा त्याहून कमी उतार हा धोक्याचा निदर्शक धरला होता. पण ती मोजणी देखरेखीखालच्या ट्रेडमिल चाचणीनंतरची होती, पार दमेपर्यंतच्या व्यायामानंतरची. तुम्ही १२० वरच थांबलात, तर उतरायला जागाच कमी असते. तेव्हा तो आकडा घरच्या पळण्याला जसाच्या तसा लावू नका. त्याऐवजी स्वतःशी तुलना करा आणि दर वेळी एकाच पद्धतीने थांबा: एक तर सावकाश चालत राहा, नाहीतर उभे राहा. बसलं किंवा आडवं झालं की ठोके आणखी लवकर उतरतात. व्यायाम संपल्याचं बटण दोन मिनिटं दाबू नका. ते दाबताच काही घड्याळं सलग मोजणं थांबवतात आणि हा उतारच नोंदला जात नाही.

रात्री दहापर्यंत या बाईचे ठोके ७६ च्या आसपास राहतात, नेहमीपेक्षा सात-आठने वर. चाळीस मिनिटांच्या पळण्यानंतर काही तास असं होणं स्वाभाविक आहे. मध्यरात्री ते ६६ होते, हे आदल्या संध्याकाळीही ती पळाली असेल तर सहज समजतं.

हा आलेख काय सांगू शकत नाही

ठोक्यांचा वेग आणि ठोक्यांची लय या वेगळ्या गोष्टी आहेत. लय अनियमित असली तरी सरासरीने काढलेली रेष अगदी सामान्य दिसू शकते. म्हणून ‘आलेख ठीक आहे’ यावरून हृदय ठीक आहे असं म्हणता येत नाही. लय पाहायला ईसीजी लागतो. छातीत दुखणं, घेरी येणं, शुद्ध हरपणं किंवा विश्रांतीतही धाप लागणं यांपैकी काही झालं, तर आलेख काय दाखवतो ते पाहत बसू नका, ताबडतोब वैद्यकीय मदत घ्या. ताप नसताना, शांत बसून, हाताने नाडी मोजूनही वेग वारंवार १०० च्या वर येत असेल, किंवा ५० च्या खाली जाऊन चक्कर आणि थकवा जाणवत असेल, तरी तपासून घ्या.

डॉक्टरांकडे नेताना एकच कापलेला स्क्रीनशॉट नेऊ नका. तीन न्या: दिवसाचा आलेख तारीख आणि अक्षासकट, त्या व्यायामाची स्वतंत्र नोंद, आणि महिन्याभराच्या रेस्टिंग रेटचा आलेख. पहिल्यावर झोप, व्यायाम, घड्याळ काढल्याची वेळ आणि त्रास जाणवला ती वेळ लिहा. चालू औषधांची नावं आणि ती घेण्याच्या वेळा त्याच चित्राच्या कोपऱ्यात टाका. हाताने मोजलेली नाडी असेल, तर घड्याळाच्या आकड्याशेजारी तीही लिहा.